लिफ्टमध्ये पाण्याचा दाब कधी वाढतो?

पाण्याने भरलेलं उंच भांडं लिफ्टमध्ये ठेवलं आणि लिफ्ट वर निघाली, तर भांड्याच्या तळावरचा दाब वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? अकरावी-बारावीच्या मुलांना हा प्रश्न विचारून पाहावा, शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्या मोठ्यांनाही विचारावा. बहुतेक जण सांगतात, वर जाताना वाढेल आणि खाली येताना कमी होईल. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. लिफ्ट वर चाललेली असतानाही तळाचा दाब कमी होऊ शकतो आणि खाली येत असतानाही वाढू शकतो. दहा मजल्यांच्या प्रवासात बहुतेक वेळ तर तो मुळीच बदलत नाही.

आधी लिफ्ट थांबलेली आहे असं धरू. दोन मीटर उंचीची, खाली बंद आणि वर उघडी अशी एक सरळ नळी घेऊ. तिच्या तळाचं क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटर आहे. ती काठोकाठ भरली तर तिच्यात दोन लिटर, म्हणजे दोन किलो पाणी मावतं. हा दोन किलोंचा भार तळाच्या दहा चौरस सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 200 ग्रॅम. नळी जाड असो की बारीक, पाण्याची उंची दोन मीटर असेल तर हा आकडा 200 च राहतो. पाण्याच्या डोक्यावर हवाही आहे. समुद्रसपाटीला तिचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 1033 ग्रॅम असतो. दोन्ही मिळून तळावर 1233 ग्रॅम झाले. त्यातले पाण्याचे 200 आणि हवेचे 1033 पुढे वेगवेगळे लक्षात ठेवायचे आहेत, कारण लिफ्ट सुरू झाली की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

आता लिफ्ट वर निघते. तिचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंदाने वाढतो आहे असं धरू. वेगातल्या या वाढीला आपण शाळेत त्वरण म्हणतो, आणि इमारतींमधल्या लिफ्टचं त्वरण साधारण एवढंच असतं. लिफ्टचा वेग वाढतो तेव्हा नळीतल्या पाण्याचाही तेवढाच वाढायला हवा, नाहीतर पाणी मागे राहील. पण पाण्याला वर ढकलणार कोण? नळीच्या भिंती सरळ आहेत. त्या पाण्याला आडव्या दिशेनेच दाबू शकतात, वर उचलू शकत नाहीत. हवा वरून खालीच दाबते आहे. उरला तळ. पाण्याचं वजन तर त्याला पेलायचंच आहे, शिवाय त्या दोन किलोंना वेग द्यायचा आहे. डोक्यावर भरलेली घागर घेऊन बसलेली बाई उठू लागते त्या क्षणी घागर मानेला जास्त जड लागते. ती सरळ उभी राहिली की घागर पुन्हा होती तेवढीच. तळाचंही नेमकं तसंच होतं.

किती जास्त, हेही सहज काढता येतं. पृथ्वीचं गुरुत्व त्वरण 9.8 आहे आणि लिफ्टचं 1, म्हणजे त्याच्या जवळपास एक दशांश. म्हणून तळाला पाण्यासाठी एक दशांश जास्त जोर लावावा लागतो. 200 ग्रॅमचे सुमारे 220 होतात. सूत्रात हेच असं लिहितात:

P = P₀ + ρ(g + a)h

इथे P₀ हा वरच्या हवेचा दाब, ρ ही द्रवाची घनता, h ही द्रवाची उंची, g गुरुत्व त्वरण आणि a हे लिफ्टचं वरच्या दिशेचं त्वरण. त्वरण खालच्या दिशेला असेल तर a ची किंमत ऋण घ्यायची. लिफ्टचा वेग या सूत्रात कुठेही नाही. लिफ्ट सेकंदाला दोन मीटर जात असो की वीस, तो वेग स्थिर असेल तर a शून्य, आणि तळाचा दाब लिफ्ट थांबलेली असताना होता तेवढाच.

कंसात g आणि a आहेत, P₀ कंसाच्या बाहेर आहे. इथे हुशार मुलंही चुकतात. एक दशांश वाढ म्हटल्यावर ती सगळ्या 1233 ला 1.1 ने गुणतात आणि 1356 उत्तर काढतात. बरोबर उत्तर आहे 1253. वाढ फक्त पाण्याच्या वाट्याची. पाण्यावरच्या हवेचा दाब हा बाहेरच्या वातावरणाचा दाब आहे. लिफ्टची खोली हवाबंद नसते आणि आकाशापर्यंतचा हवेचा सगळा स्तंभ काही लिफ्टबरोबर वर ढकलला जात नाही. खोलीतली अडीच मीटर हवा तेवढी ढकलली जाते, पण तिचं वजन चौरस सेंटिमीटरला 0.3 ग्रॅम, आणि त्याचा एक दशांश म्हणजे 0.03 ग्रॅम. तो सोडून द्यायला हरकत नाही.

आता पूर्ण प्रवास पाहू. तळमजल्यापासून दहावा मजला, तीस मीटर. लिफ्टचा ठरलेला वेग सेकंदाला दोन मीटर. पहिल्या दोन सेकंदांत वेग शून्यापासून दोनपर्यंत वाढतो आणि लिफ्ट दोन मीटर चढते. शेवटच्या दोन सेकंदांत वेग दोनावरून शून्यावर येतो, तेव्हाही दोन मीटर. मधले सव्वीस मीटर ती तेरा सेकंदांत एकाच वेगाने जाते. तळाशी दाब मोजणारं यंत्र बसवलं असेल तर ते पाण्याचा दाब असा दाखवेल: सुरुवातीला दोन सेकंद 220 ग्रॅम, मग तेरा सेकंद 200, मग दोन सेकंद 180, आणि दार उघडताना पुन्हा 200. शेवटच्या दोन सेकंदांत लिफ्ट वरच चाललेली आहे, पण तिचा वेग कमी होतो आहे, म्हणजे त्वरण खालच्या दिशेला आहे. म्हणून दाब घटतो. परत येताना क्रम उलटा होतो. खाली निघताना 180, मधे 200 आणि तळमजल्याजवळ थांबताना 220. पोटात जे हलकं वाटतं ते खाली निघतानाच वाटतं, आणि खाली थांबताना पाय जड होतात. शरीराने हे आकडे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले आहेत.

खऱ्या लिफ्टमधला आलेख मात्र असा पायऱ्यांचा येत नाही. त्वरण शून्यावरून एकदम एकावर गेलं तर माणसांना धक्का बसेल, म्हणून आजच्या लिफ्टची मोटर ते हळूहळू वाढवते आणि हळूहळू उतरवते. यंत्रावर एक गोलसर चढ आणि एक गोलसर उतार दिसतो. शिवाय यंत्र हवेसकट एकूण दाब दाखवणारं असेल तर मधल्या तेरा सेकंदांतही आकडा अगदी हळू खाली सरकताना दिसेल. तो त्वरणाचा परिणाम नाही. तीस मीटर वर गेल्यावर हवेचा दाबच सुमारे साडेतीन ग्रॅमने कमी होतो. उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये कानात दडे बसतात ते या कारणाने. दोन्हींमधला फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. त्वरणाचा परिणाम लिफ्ट थांबली की पुसला जातो, उंचीचा परिणाम वरच्या मजल्यावर उभं राहिलं तरी टिकतो.

सूत्र टोकाला नेऊन पाहिलं की त्याची खरी ताकद कळते. दोर तुटून लिफ्ट मोकळी पडू लागली, तर तिचं त्वरण खालच्या दिशेला 9.8. कंसातली बेरीज शून्य. पाण्याची उंची दोन मीटर असो की वीस, तळाचा दाब फक्त हवेएवढा, आणि पृष्ठभागापासून तळापर्यंत सगळीकडे सारखा. हे पाहायला लिफ्ट पाडण्याची गरज नाही. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा, बोटाने दाबून धरा, पाणी भरा आणि टोपण न लावता बोट काढा. धार लागेल. आता बाटली हातातून सोडा. पडत असताना धार थांबते. भोकाच्या आत हवेएवढाच दाब आणि बाहेरही तेवढाच, मग पाणी बाहेर ढकलायला काही उरतच नाही. पुढचा प्रयोग जास्त बोलका आहे. हीच बाटली सरळ वर फेका. हातातून सुटल्याबरोबर धार थांबते आणि बाटली वर जात असताना थांबलेलीच राहते. वर जाताना दाब वाढतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी याहून चांगला पुरावा नाही. हातातून सुटलेल्या बाटलीचं त्वरण चढतानाही खालच्याच दिशेला असतं.

त्वरण खालच्या दिशेला 9.8 पेक्षाही जास्त झालं तर सूत्र हवेपेक्षा कमी दाब सांगतं, पण उघड्या भांड्यात तिथे त्याचं राज्य संपतं. भांडं पाण्यापेक्षा जोरात खाली ओढलं जातं, पाणी मागे राहतं आणि तळ सोडून वर निघून जातं. जिथे तळाला पाणीच टेकलेलं नाही तिथे पाण्याचा दाब विचारण्यात अर्थ नाही.

आता हा बदललेला दाब मोजायचा कशाने, हा प्रश्न मला सगळ्यांत रंजक वाटतो. भांड्याच्या तळाजवळून एक पारदर्शक नळी काढून ती वर वळवली, तर नळीतल्या पाण्याच्या उंचीवरून तळाचा दाब कळतो. पण लिफ्टमध्ये ही नळी काहीच दाखवत नाही. भांड्यातलं पाणी एक दशांश जड झालं, तर नळीतलंही तेवढंच जड झालं. दोन्हींची पातळी समान राहते. तराजूच्या दोन पारड्यांत वस्तू आणि वजनं समतोल असतील तर लिफ्ट कशीही चालो, काटा मधेच राहतो, तेच हे. त्याच कारणाने पाण्यावर तरंगणारा चेंडू लिफ्ट निघताना जास्त बुडतही नाही आणि वर उचललाही जात नाही. चेंडूचं वजन वाढतं, आणि पाण्याचा त्याला वर ढकलणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. तळाचा वाढलेला दाब पाहायचा तर स्प्रिंगवर किंवा पातळ पडद्याच्या वाकण्यावर चालणारं यंत्रच हवं.

पाऱ्याचा बॅरोमीटर घ्या, गोष्ट उलटी होते. 1643 साली तोरिचेल्लीने दाखवलेली ही मांडणी आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत भिंतीवर दिसते. एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला 760 मिलिमीटर पारा, आणि दोघांचा तोल. लिफ्ट वर त्वरण घेते तेव्हा पारा एक दशांश जड होतो, हवेचा दाब मात्र होता तेवढाच. तोच दाब आता कमी पारा तोलू शकतो, आणि त्वरण टिकून राहिलं तर स्तंभ सुमारे 690 मिलिमीटरवर उतरतो. हा आकडा खरा मानणाऱ्याला वाटेल की आपण सुमारे 800 मीटर उंचीवर पोचलो. हवेचा दाब घटला नाही, मोजपट्टीच जड झाली. प्रवेश परीक्षांमध्ये हा प्रश्न वारंवार येतो आणि अनेकांचा गोंधळ उडतो, कारण तळाचा दाब वाढतो हे पाठ असतं आणि म्हणून बॅरोमीटरचा आकडाही वाढेल असं ते धरतात. दोन सेकंदांच्या लिफ्टमध्ये पारा स्थिरावणार नाही, तो खालीवर डोलत राहील. जहाजांवर ही अडचण प्रत्यक्षात होती. लाटांवर जहाज वर-खाली होताना बॅरोमीटरचा पारा सतत हलायचा. म्हणून जहाजी बॅरोमीटरची काचनळी मुद्दाम एका जागी अरुंद करत, म्हणजे पारा झटकन ये-जा करू शकत नसे आणि वाचणाऱ्याला सरासरी पातळी मिळत असे.

द्रवाचा एक स्तंभ प्रत्येक जण लिफ्टमध्ये स्वतःबरोबर नेतो. तो रक्ताचा. बसलेल्या किंवा उभ्या माणसाचे डोळे हृदयाच्या साधारण 30 सेंटिमीटर वर असतात. एवढ्या उंचीच्या रक्ताचा दाब पाऱ्याच्या भाषेत 23 मिलिमीटर होतो. हृदयाशी वरचा रक्तदाब 120 असेल, तर डोळ्यांपर्यंत पोचताना तो सुमारे 97 उरतो. लिफ्ट वर निघते तेव्हा 23 चे 25 होतात. दोन मिलिमीटरचा फरक, तोही दोन सेकंद. कुणाला काही जाणवण्याचं कारण नाही.

लढाऊ विमान झपकन वळतं तेव्हा मात्र कंसातली बेरीज g च्या साडेचार पट होऊ शकते. आता 23 ला साडेचारने गुणा, 103 येतात. हृदयाने दिलेल्या 120 मधून ते वजा केले की डोळ्यांपाशी उरतात जेमतेम 17. डोळ्याच्या आतला दाब साधारण 10 ते 21 असतो, म्हणजे रक्ताला डोळ्यात शिरायला जोरच उरत नाही. वैमानिकाला आधी सगळं करडं दिसू लागतं, कडेचं दिसणं बंद होतं, मग अंधारी येते, आणि भार आणखी वाढला तर शुद्ध जाते. नजर आधी का जाते याचं उत्तर या वजाबाकीत आहे. मेंदूपेक्षा डोळ्यात शिरायला रक्ताला थोडा जास्त दाब लागतो. दुसरीकडे, पाय हृदयाच्या खाली असल्यामुळे तिथला रक्तस्तंभाचा दाबही साडेचार पट होतो, शिरा फुगतात, रक्त तिथेच साचतं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं. भार सावकाश वाढला तर शरीर काही सेकंदांत रक्तदाब वाढवून थोडं सावरतं. तो झटक्यात आला तर तेवढी सवड मिळत नाही.

यावरचे उपाय त्याच सूत्रातून निघतात. रक्ताची घनता बदलता येत नाही. विमान वळायचं तर त्वरणही टाळता येत नाही. उरते उंची. एफ-16 विमानाची खुर्ची 30 अंश मागे कललेली आहे, त्यामुळे हृदय आणि डोळे यांच्यातली उभी उंची थोडी घटते. दुसरा उपाय पायांकडचा. कॅनडात टोरंटो विद्यापीठातल्या विल्बर फ्रँक्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी एक पोशाख तयार केला, त्यात पाय आणि पोट यांच्याभोवती पाणी भरलेलं होतं. 1942 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या मोहिमेत ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांनी तो प्रत्यक्ष लढाईत वापरला. विमान वळलं की शिरांतलं रक्त जड होतं, आणि त्याच क्षणी, त्याच प्रमाणात, बाहेरचं पाणीही जड होऊन पायांना बाहेरून दाबतं. झडप नको, पंप नको, मापक नको. लिफ्टमध्ये भांडं आणि नळी यांची पातळी सारखी ठेवणारा समतोलच इथे माणसाला शुद्धीवर ठेवत होता. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे. पण पाणी भरलेला पोशाख जड आणि गैरसोयीचा होता. पुढे त्याची जागा हवा भरणाऱ्या पोशाखांनी घेतली आणि त्यांना झडपा लागल्या. भारताच्या हवाई दलाचे वैमानिक हा भार सोसण्याचा सराव बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमधल्या मोठ्या फिरत्या यंत्रावर करतात.

तुमच्या इमारतीत लिफ्ट असेल तर सूत्रातला कंस तुम्ही स्वतः मोजू शकता. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं phyphox नावाचं मोफत अ‍ॅप फोनमध्ये घ्या. त्यातला Acceleration (with g) हा प्रयोग उघडा, फोन लिफ्टच्या जमिनीवर सपाट ठेवा आणि मोजणी सुरू करून वर जा. उभ्या दिशेचा आकडा थांबलेल्या लिफ्टमध्ये 9.8 च्या आसपास असेल. लिफ्ट निघताना तो वाढेल, मधे पुन्हा 9.8 वर येईल आणि थांबताना त्याखाली जाईल. हा आकडा म्हणजेच g + a. फोनशेजारी पाण्याची बादली असायलाही हवी असं नाही. 40 सेंटिमीटर पाणी असलेल्या भांड्याच्या तळावर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला 40 ग्रॅम असतो. फोनवर 10.6 दिसलं, तर त्या क्षणी तो 40 गुणिले 10.6 भागिले 9.8, म्हणजे सुमारे 43 ग्रॅम असतो.